पहिल्या पुरात मासे सांडव्यावर उड्या का मारतात?

झाडीपट्टीकर
आमचं गाव सडक अर्जुनी तालुक्यात. गावाला लागून जुना मालगुजारी तलाव आहे. त्याच्या सांडव्याचं पाणी नाल्यात जातं, नाला चुलबंदला मिळतो आणि चुलबंद पुढे वैनगंगेला. आषाढात तलाव भरून सांडवा वाहायला लागला, की नाल्यातून मासे उलटे चढत येतात आणि सांडव्यावर उड्या मारतात. लहानपणापासून हे बघत आलोय.

पूर्वी सांडवा ओबडधोबड दगडांचा होता आणि खाली कमरेइतका डोह होता. दुरुस्तीत तिथे अडीच फुटांची सरळ भिंत झाली आणि खाली सपाट काँक्रीट आलं. त्या काँक्रीटवर पाणी जेमतेम वीतभर असतं. आता मासे उडतात, भिंतीवर आपटतात, खाली पडतात आणि पुन्हा उडतात. पोरं बादल्या घेऊन उभीच असतात. यंदा वर गेलेला एकही रोहू मला दिसला नाही.

तर प्रश्न असे. मासा उडी मारतो तो नेमका कशासाठी? पूर्वी चढायचे, मग आता का चढत नाहीत? आणि संध्याकाळी शांत तलावात मधेच एखादा मोठा मासा धप्पकन उडतो, त्याचं कारण तेच की वेगळं?

निळा_खंड्या
ऑक्सिजन! पाण्यात प्राणवायू कमी पडला की मासे वर येतात. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं, मासा गुदमरतो आणि उडी मारून हवा घेतो. माझ्या मेव्हण्याच्या तळ्यात दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं, सकाळी सगळे मासे वर आले होते. तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

गळवाला_पवनी
सांडव्याखाली गळाला काय लावता? गांडूळ की कणकेची गोळी? आमच्याकडे पुराच्या पाण्यात कणीक टिकत नाही.

झाडीपट्टीकर
@गळवाला_पवनी भाऊ, धागा मासे धरण्याचा नाही. उलट अंड्यावर आलेले मासे तिथे धरू नयेत असं माझं मत आहे.

बीजकेंद्रवाला
मी बरीच वर्षं मत्स्यबीज केंद्रात कामाला होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

@निळा_खंड्या, तुमच्या मेव्हण्यांच्या तळ्यात झालं ते खरं आहे, पण ते वेगळं दृश्य. रात्रभर शेवाळ आणि मासे दोघंही प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे तो सगळ्यांत कमी असतो. तेव्हा मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात. त्यात उडी नसते. गुदमरलेल्या माशाच्या अंगात उडीची ताकदच नसते. काठावर टाळी वाजवा. मासे खाली पळाले तर परिस्थिती अजून हातात आहे. टाळी वाजवूनही हलले नाहीत तर ताबडतोब नवं पाणी सोडा. सांडव्याखाली तर पाणी आपटून फेसाळतं, तिथे प्राणवायूची टंचाई सहसा नसते.

आता सांडव्याचं. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे नदीचे मासे. तलावात ते वाढतात, त्यांच्या पोटात अंडी भरतात, पण साचलेल्या पाण्यात ती सोडत नाहीत. त्यांना पुराचं ताजं, वाहतं पाणी लागतं आणि काठचा नुकताच बुडालेला उथळ भाग लागतो. म्हणून तर 1957 साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशात अंगुलला पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना तलावातच अंडी द्यायला लावली, ती एवढी मोठी गोष्ट ठरली. ती तारीख 10 जुलै, आजही त्या दिवशी मत्स्यशेतकरी दिन पाळतात. त्याआधी बीज, म्हणजे माशांची अंडी-पिल्लं, मुख्यतः पुराच्या नदीत जाळी लावून गोळा करावं लागे.

आता ते वरच का जातात, ते अंड्यांवरून कळतं. रोहूची अंडी चिकट नसतात. पाणी पिऊन फुगतात आणि प्रवाहाबरोबर तरंगत खाली जातात. कोमट पाण्यात पंधरा-वीस तासांत फुटतात. ताशी एक किलोमीटर एवढ्या संथ प्रवाहातही ती फुटेपर्यंत पंधरा-वीस किलोमीटर खाली गेलेली असतात. प्रवाह थांबला तर तळाच्या गाळात बसतात आणि गुदमरतात. म्हणून आधी जितकं वर जाता येईल तितकं जायचं आणि अंडी प्रवाहावर सोडायची. आईबापांनी वर जाऊन पिल्लांसाठी खालची वाट राखून ठेवलेली असते.

नाल्याकाठची_रेखा
बीजकेंद्रवाले काका, माशाला कळतं कसं की पाणी कोणत्या बाजूनं येतंय? पुराच्या गढूळ पाण्यात त्याला तर काही दिसत नसेल.

बीजकेंद्रवाला
दिसायची गरज पडत नाही, ताई. माशाच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. रोहू साफ करताना नीट पाहा, त्या रेघेवरच्या प्रत्येक खवल्यावर छोटं छिद्र दिसेल. पाणी कुठून कसं सरकतंय हे त्याला तिथून जाणवतं. प्रवाहाकडे तोंड करून राहायचं ही माशाची मुळातली सवय आहे, बारा महिने. अंड्यावर आला की तो नुसता तोंड करून थांबत नाही, पुढे निघतो.

धिवर_मामा
आमी धिवर. बापजाद्यापासून याच तलावायवर. बीजकेंद्रवाले भाऊ बोलले ते बरोबर हाये, पन सांडवा वाहाले लागला की लगेच मासोळी चढते असं नाई. पयल्या दिवशी पाणी पातळ वाहते, तवा ते खाली जमा होते, उड्या मारून पाह्यते, थकते. खरी चढते रातच्या जोराच्या पावसानं नाला फुगला की. सकाळी पाह्यलं तं खाली मासोळी नसतेच. वर गेली रायते. आता तसं होत नाई, हे झाडीपट्टीकर भाऊचं खरं हाये. नव्या काँक्रीटवर नाला फुगला तरी पाणी सपाट पळून जाते, थांबत नाई.

अन दुसरं. मरळीले उडीची गरज नाई. ते सांडव्याच्या बाजूच्या वल्ल्या गवतातून सापावानी सरपटत जाते. म्या डोळ्यानं पाह्यलं हाये, पावसाच्या रातीले पाळीवर.

गुरुजी_साकोली
धिवर मामांनी सांगितलेली गोष्ट हिशेबात बरोबर बसते. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून करून पाहिलं.

एकदा पाणी सोडलं की हवेत माशाला जोर लावायला काहीच नसतं. पाणी सोडताना त्याचा जो वेग असेल तेवढीच उडी. अडीच फूट म्हणजे साधारण 75 सेंटिमीटर. तेवढं सरळ वर जायला सेकंदाला 3.8 मीटरचा वेग लागतो. जोरात सुसाट निघालेला मासा ढोबळमानाने सेकंदाला आपल्या लांबीच्या दहापट जातो असं धरतात. म्हणजे 40 सेंटिमीटरच्या रोहूला 4 मीटर. सुटला म्हणायचं. पण मासा सरळ वर उडत नाही. त्याला भिंतीच्या पलीकडे पडायचं असतं, म्हणून तो तिरका उडतो. 60 अंशांचा कोन धरला तर वर जाणारा वेग साडेतीन मीटरच्या आसपास उरतो आणि उंची येते साधारण 60 सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट. भिंत अडीच फुटांची. अर्ध्या फुटासाठी तो दिवसभर डोकं आपटतोय.

आणि हा पूर्ण वेग त्याला मिळाला तर. वीतभर पाण्यात 40 सेंटिमीटरच्या रोहूला तिरकं वर वळायलाही जागा नाही, धाव कुठून घेणार?

सिअॅटलकर
इथे नदी चढणारे सॅमन मासे बघायला शाळेच्या सहली जातात, त्यामुळे राहवलं नाही. उडीला डोह लागतो हे अगदी खरं. धबधब्याचं पाणी खोल डोहात पडलं की तळाला जाऊन, वळून थोडं पुढे पुन्हा उसळून वर येतं. मासा त्या उसळीवर स्वार होऊन निघतो, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या वेगात पाण्याचा धक्का मिळतो. स्कॉटलंडमध्ये सॅमनवर पूर्वी झालेल्या अभ्यासातून ठोकताळा निघाला की डोहाची खोली धबधब्याच्या उंचीच्या सव्वापट तरी हवी. म्हणजे तुमच्या अडीच फुटांच्या भिंतीखाली तीन फुटांहून थोडा जास्त डोह. जुना कमरेइतका डोह म्हणजे अगदी तेवढाच.

पॅसिफिक सॅमन अंडी घालून मरतात. रोहूचंही तसंच असतं का?

बीजकेंद्रवाला
नाही. रोहू दर पावसाळ्यात अंडी देतो आणि पाणी ओसरलं की खाली परततो. त्यामुळे सांडव्याखाली बादलीत गेलेली दोन-तीन किलोची मादी म्हणजे पुढच्या कित्येक पावसाळ्यांचं बीज गेलं. एका मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात.

मामांचं मरळीबद्दलचं निरीक्षण बरोबर आहे. तिला हवेतून श्वास घेता येतो, म्हणून ओल्या गवतातून जाता येतं. पण ती पुराच्या प्रवाहात अंडी सोडायला जात नाही. तिला साचलेलं, गवताळ पाणीच लागतं आणि नर-मादी दोघं पिल्लांची राखण करतात. तिचं जाणं नवं पाणी शोधण्यासाठी. म्हणून एकाच रात्री एकाच सांडव्यावर दोन मासे दोन वेगळ्या कारणांनी चढत असतात.

शेततळं_यवतमाळ
माझं शेततळं आहे, प्लास्टिकचं अस्तर टाकलेलं. त्यात रोहू-कटला आणि थोडे चंदेरा सोडलेत. पाऊस झाला की सकाळी चार-दोन मासे काठावरच्या प्लास्टिकवर मेलेले सापडतात. घरच्यांना वाटतं कुणीतरी वाईट नजर लावली. हे पण अंड्यासाठीच उडतात का? माझे मासे तर अजून पाव किलोचेही नाहीत.

बीजकेंद्रवाला
@शेततळं_यवतमाळ, अंड्यासाठी नाही, फार लहान आहेत. दोन-तीन गोष्टी पाहा. तळ्यात पाणी पडतं कसं? पाइपातून वरून धार पडत असेल तर मासे त्या धारेखाली गोळा होतात आणि धारेच्या दिशेनं उड्या मारतात. मेलेले मासे पाइपाच्या जवळच सापडतात का ते बघा. तसं असेल तर पाइपाचं तोंड पाण्याखाली न्या, धार दिसलीच नाही पाहिजे. पाणी काठापासून दीड-दोन फूट खाली ठेवा. पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं की उडालेला मासा परत पाण्यात पडत नाही. काठाभोवती जुनं जाळं उभं बांधलंत तर उत्तम.

चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, मुळातच भित्रा आहे. मोटर सुरू झाली, कुणी बादली आपटली, तरी उडतो. आणि मेलेल्या माशाच्या पंखांच्या बुडाशी मसुराएवढ्या चपट्या, पारदर्शक उवा दिसतात का, हेही पाहा. उवा लागलेला मासा काठाला अंग घासतो आणि उड्याही मारतो. त्या दिसल्या तर औषध स्वतःच्या मनानं टाकू नका, जवळच्या मत्स्य कार्यालयात मासा दाखवा.

शेततळं_यवतमाळ
पाइपाजवळच सापडतात! आजच पाइप खाली घेतो. आईला सांगतो, नजर पाइपाची होती.

निळा_खंड्या
ठीक, उडी आणि तोंड वर काढणं वेगळं, पटलं. पण मग झाडीपट्टीकरांचा तिसरा प्रश्न राहिला. संध्याकाळी शांत तलावात एकटा मासा उडतो, तिथे ना धार, ना पूर.

धिवर_मामा
ते दोन परकारचं रायते. बारक्या मासोळ्या एकदम मूठभर तांदूळ फेकल्यावानी उडल्या तं खाली मरळ नाईतर शिवडा मागं लागला समजा. जाळं टाकलं तं मासा जाळ्याच्या दोरीवरून उडून जाते, कटला तं हमखास. अन एकटा मोठा उडला, धप्पकन पडला, तं आमी म्हनतो आंग झटकते.

बीजकेंद्रवाला
मामांच्या पहिल्या दोन गोष्टींबद्दल वाद नाही. तिसरीत मत एक नाही. उवा झटकणं हे एक कारण. दुसरं असं, की रोहूसारख्या माशांच्या पोटातली हवेची पिशवी घशाला जोडलेली असते आणि वर येऊन हवा गिळून तो ती भरतो. समुद्रातल्या पिंजऱ्यांत पाळलेल्या सॅमनना जाळ्यानं पाण्याखाली अडवून ठेवलं, तर वर सोडल्यावर ते जास्त उड्या मारतात, असं दिसलं आहे. पण हवा गिळायला एवढी मोठी उडी लागत नाही, नुसतं तोंड वर काढून भागतं. म्हणून शांत तलावातल्या एकट्या उडीला एकच कारण आहे असं मी म्हणणार नाही.

रामटेकची_वाट
वडील म्हणायचे मासे उडाले की पाऊस येतो. हे खरं आहे का?

गुरुजी_साकोली
वरच्या खोऱ्यात आधी पाऊस पडला, त्याचं पाणी खाली आलं, मासे उडाले आणि तोच पाऊस नंतर आपल्या गावात आला, असं पुष्कळदा होत असणार. मासा पाहतो तो आलेला पूर. माझं हे अनुमान आहे, नोंदी ठेवून कुणी तपासलं तर बरं.

झाडीपट्टीकर
सगळे प्रतिसाद वाचले आणि तलावात बीज सोडणाऱ्या संस्थेच्या लोकांशी बोललो. भिंत पाडता येणार नाही. मग मासे चढावेत यासाठी काय करता येईल? आणखी एक अडचण आहे. संस्था सांडव्यावर बारीक जाळी लावते, सोडलेलं बीज वाहून जाऊ नये म्हणून. त्या जाळीनं वर येणारा मासाही अडतो.

सिअॅटलकर
दोन रस्ते. भिंतीला टेकून दगडांचा सौम्य उतार करणं हा एक. वीस फुटांना एक फूट चढ असा उतार बहुतेक माशांना पोहून चढता येतो, उडावंच लागत नाही. अडीच फुटांसाठी तो पन्नास फूट लांब होईल, दगड भरपूर लागतील.

स्वस्त रस्ता म्हणजे उंची दोन टप्प्यांत वाटणं. काँक्रीट संपतं तिथून थोडं खाली मोठ्या दगडांची आडवी ओळ रचायची, म्हणजे मागे पाणी सव्वा फूट तुंबेल. तुमच्या भिंतीची उडी अडीचवरून सव्वा फुटावर येईल. गुरुजींच्या हिशेबानं सव्वा फूट, म्हणजे 38 सेंटिमीटर, रोहूला सहज आहे. काँक्रीटवर आधीच वीतभर पाणी असतं, म्हणजे खोली दोन फुटांच्या जवळ जाईल आणि सव्वापटीचा ठोकताळाही बसेल. मग दगडांच्या ओळीवरची उडीही सव्वा फुटाची उरते. मधे एका ठिकाणी हातभर खाच ठेवा, म्हणजे कमी पाण्यातही तिथून एक जाड धार वाहील आणि मासा तिच्याकडे येईल.

धिवर_मामा
नाला फुगला की जुन्या डोहात हेच होत होतं, पाणी वर येऊन भीत बुटकी व्हायची. दगडं मोठे पायजे, दोन मानसायले न उचलनारे. नाईतर पयल्याच पुरात चुलबंदले जाते.

जलसंधारण_भंडारा
मी अशा कामांवर असतो. दोन सूचना. दगडांची ओळ काँक्रीटच्या अगदी कडेला नको, नाहीतर तिच्यावरून पडणारं पाणी कडेखालची माती उकरेल आणि फरशी लटकेल. चार-पाच मीटर खाली घ्या आणि ओळीच्या पुढेही दगड पसरा. दुसरं, तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी घ्या. सांडव्यासमोर पाणी तुंबवणं ही धोक्याची गोष्ट होऊ शकते. ओळीमागे तुंबलेल्या पुराची सर्वांत मोठी पातळी सांडव्याच्या भिंतीच्या माथ्याच्या बरीच खाली राहते ना, हे आधी खुणा पाहून ठरवा.

नाल्याकाठची_रेखा
आणि गोसेखुर्दसारख्या धरणाचं काय? तिथे दगडांची ओळ कशी पुरणार?

जलसंधारण_भंडारा
नाही पुरणार. तेवढी उंची कुठलाही रोहू उडून जाणार नाही. तो वेगळा धागा काढावा लागेल.

बीजकेंद्रवाला
एक शंका मांडतो, कुणी नाराज होऊ नये. मासा सांडवा चढून तलावात गेला, पुढे काय? तलावाचं पाणी साचलेलं, तिथे अंडी तळाला बसतील. त्याला तलाव ओलांडून वरच्या बाजूला, जिथून नाला आत येतो तिथे बुडालेल्या गवतापर्यंत जावं लागेल. तिथलं पाणी पुरेसा वेळ वाहतं का, आणि वाहून तलावात आलेली अंडी तोवर फुटलेली असतात का, हे तुमच्या तलावापुरतं पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. छोट्या मासोळ्यांना मात्र वर-खाली वाट मोकळी झाल्याचा फायदा नक्की आहे.

मुळात येणारे मासे अंड्यावर आहेत का, हे ओळखायला सोपं आहे. छातीजवळच्या पंखाच्या आतल्या बाजूवरून, म्हणजे अंगाकडच्या बाजूवरून, बोट फिरवा. या दिवसांत नराचा पंख खरखरीत लागतो, मादीचा गुळगुळीत. तयार नराचं पोट हलकं दाबलं की दुधासारखा थेंब येतो.

झाडीपट्टीकर
काल पोरांच्या बादलीतले मासे त्यांच्याकडून मागून हाताळले. रोहूच्या नरांचे पंख खरखरीत होते आणि थेंबही आला. मादीचं पोट मऊ, फुगलेलं होतं. म्हणजे हे अंड्यावरचेच. जिवंत होते ते वर तलावात सोडले. बीजकेंद्रवाल्यांच्या शंकेसाठी तलावाच्या वरच्या टोकाला नाल्याच्या मुखाशी पावसानंतर बारीक कापडाचं जाळं लावून बघतो, अंडी सापडली तर इथे लिहीन.

जाळीबद्दल संस्थेशी अजून जमलं नाही. त्यांचं म्हणणं, बीज विकत आणलेलं आहे, ते वाहून गेलं तर नुकसान कोण भरणार.

धिवर_मामा
जाळी काढू नोका म्हनते तं बरोबर हाये त्यायचं. पन बीज बोटाएवढं झाल्यावर सोडलं अन जाळीची भोकं ते निसटनार नाई एवढीच मोठी ठेवली तं बारकी मासोळी वर जाते, बीज बी रायते. मोठ्या रोहूसाठी बाजूनं हातभर जागा मोकळी ठेवा, तिथं रातीले एक मानूस बसवा. आमच्या बोडीवर असंच करतो. जोराच्या पावसाच्या दोनच राती असतात, तेवढ्या पुरते.

जलसंधारण_भंडारा
परवानगीच्या अर्जासोबत सांडव्याचे फोटो आणि भिंतीची मापं जोडा, पूर असताना आणि नसताना दोन्ही. दगडांची ओळ उन्हाळ्यात घाला, आता वाहत्या पाण्यात कुणी उतरू नका.

गळवाला_पवनी
दगड उचलायला उन्हाळ्यात मी येतो. पवनीहून लांब नाही, तारीख कळवा.